पेपरला सात दिवस: पेशीजीवशास्त्राच्या उजळणीचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही विद्यार्थिनी ठाण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकत होती आणि कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने ये-जा करीत होती. मी तिला हा विषय शिकवीत होते. तिचे नाव आणि तिची ओळख पटेल असे तपशील येथे मुद्दाम दिलेले नाहीत. तिचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालेले होते. त्यामुळे तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका हे शब्द तिच्या मनात पक्के होते, पण उत्तरपत्रिकेत तिला मायटोकॉण्ड्रिया, ईआर आणि लायसोसोम लिहावे लागत होते. ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी पुढे तिने आम्हाला चांगलेच अडवले.

परीक्षा सोमवारी सकाळी होती आणि ती माझ्याकडे आली तो आदला सोमवार होता. पेपर 75 गुणांचा आणि अडीच तासांचा होता. अभ्यासक्रमाचे घटक चार होते: पेशीपटल आणि त्यातून होणारी वाहतूक, पेशीतील प्रथिनांची ने-आण, मायटोकॉण्ड्रिया, आणि पेशीविभाजन. अभ्यासाची सुट्टी लागलेली असली तरी तिची आई घरी ब्लाऊज शिवण्याची कामे घेत असे आणि लग्नसराईमुळे हुका, काजे आणि टिचबटणे लावण्याचे काम संध्याकाळी हिच्याकडे येई. त्यामुळे दिवसाला खऱ्या अर्थाने मिळणारा वेळ पाच तासांचा होता, आणि आखणी करताना आम्ही तोच धरला.

अडचण नेमकी कोठे होती

तिच्या वह्या अतिशय नीटनेटक्या होत्या. प्रत्येक अंगकाची रंगीत आकृती होती, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा होत्या आणि तिने सर्व वह्या दोनदा वाचल्या होत्या. तरीही अंतर्गत चाचणीत तिला 25 पैकी 9 गुण मिळाले होते. तिचे म्हणणे असे की, वाचताना सगळे कळते, पेपरात मात्र आठवत नाही.

मी तिला वही मिटायला लावून एक कोरा कागद दिला आणि दोन प्रश्न विचारले. पहिला होता, गॉल्गीची कार्ये लिही. तिने पाच मिनिटांत सहा कार्ये लिहिली आणि सहाही बरोबर होती. दुसरा प्रश्न त्याच पाठातला होता: लायसोसोममध्ये जाणाऱ्या पाचक विकरावर गॉल्गीत मॅनोज-6-फॉस्फेटची खूण लावली जाते; ही खूण लावणारे विकरच पेशीत नसेल, तर ते पाचक विकर कोठे जाईल? यावर ती बराच वेळ थांबली आणि मग तिने लिहिले, "ते गॉल्गीतच अडकून राहील."

हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकण्याची रीत महत्त्वाची आहे. खूण नसलेले प्रथिन गॉल्गीत अडकत नाही. ते ज्या वाटेला कोणतीही खास खूण लागत नाही त्या वाटेला लागते, म्हणजे पुटिकांमधून पेशीबाहेर पडते. माणसातील आय-सेल रोगात हेच घडते: पाचक विकरे रक्तात सापडतात आणि लायसोसोममध्ये न पचलेला माल साचत जातो. तिला मॅनोज-6-फॉस्फेट हे नाव ठाऊक होते आणि गॉल्गी माल 'पॅक' करते हे वाक्यही पाठ होते. पण खूण ही एखाद्या फाट्यावरची पाटी आहे, आणि पाटी नसली तरी गाडी थांबत नाही, सरळ रस्त्याने पुढे जाते, हा संबंध तिच्या मनात तयार झालेला नव्हता. तिला अंगके एकेकटी माहीत होती, त्यांच्यामधली हालचाल माहीत नव्हती. पेपरातले दहा गुणांचे प्रश्न बहुतेक या हालचालीवरच असतात.

कोणते पर्याय होते

तिची स्वतःची योजना पहिल्या पानापासून तिसऱ्यांदा वाचण्याची होती. मी ती नाकारली, कारण तिसऱ्या वाचनाने ओळख आणखी वाढली असती आणि ओळखीची कमतरता तिला नव्हतीच. दुसरा पर्याय मैत्रिणींनी सुचवलेला होता, तो म्हणजे मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील उत्तरे पाठ करण्याचा. त्यात तथ्य होते, कारण प्रश्न थोडेफार फिरून येतात. परंतु तिला सहा कार्ये पाठ होतीच आणि त्याने दुसरा प्रश्न सुटला नव्हता. तिसरा पर्याय चार घटकांना सारखे दिवस वाटून देण्याचा होता. तो दिसायला न्याय्य होता. मात्र पेशीपटलाचा घटक तिला चांगला येत होता आणि तिथे पावणेदोन दिवस घालवणे परवडणारे नव्हते.

आम्ही निवडलेला मार्ग असा की, घटकांऐवजी दोन प्रवास धरायचे: एका प्रथिनाचा रायबोझोमपासून पेशीबाहेर किंवा लायसोसोमपर्यंतचा प्रवास, आणि एका गुणसूत्राचा विभाजनातला प्रवास. मंगळवार व बुधवार पहिल्याला, शुक्रवार व शनिवार दुसऱ्याला, गुरुवार पेशीपटलाला आणि मागच्या दुरुस्तीला, आणि रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण जुना पेपर. मायटोकॉण्ड्रियाला शनिवारी संध्याकाळचे दोन तास उरले. हा शेवटचा निर्णय मी घेतला होता आणि तो कसा महागात पडला ते पुढे येईलच. याखेरीज रोज सकाळी वही न उघडता वीस मिनिटे आदल्या दिवसाचा प्रवास कोऱ्या कागदावर काढायचा, मग वहीशी ताडून फक्त चुका लाल शाईने भरायच्या, असे ठरले.

मंगळवार ते गुरुवार: प्रथिनाचा प्रवास

उदाहरण म्हणून आम्ही स्वादुपिंडाच्या पेशीतील ट्रिप्सिनोजेन हे एकच प्रथिन घेतले. जॉर्ज पॅलाडे यांच्या प्रयोगशाळेत याच प्रकारच्या पेशींवर काम झाले होते. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना अगदी थोडा वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल द्यायचे, नंतर साधे अमिनो आम्ल द्यायचे, आणि ठरावीक अंतराने किरणोत्सारी माल पेशीत कोठे पोचला ते पाहायचे, अशी ती पद्धत होती. आरंभी माल खडबडीत ईआरवर दिसतो, काही मिनिटांत गॉल्गीपाशी येतो आणि सुमारे दोन तासांनी स्रावकणांत जमा झालेला असतो. पॅलाडे यांना 1974 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात हे काम मोलाचे होते. विद्यार्थिनीला हा प्रयोग ठाऊक होता, पण त्यावर केवळ टीप लिहायची असते असे तिला वाटत होते. मी तिला त्याच प्रयोगाची मिनिटे कागदाच्या डाव्या कडेला लिहायला सांगून उजवीकडे माल कोठे आहे ते भरायला लावले. त्यामुळे अंगके आपोआप एका क्रमात आली.

बुधवारी संध्याकाळपर्यंत हा कागद तिला मिटल्या डोळ्यांनी येत होता. गुरुवारी सकाळच्या कोऱ्या कागदावर मात्र एक चूक निघाली, आणि माझ्या अनुभवात ही या पाठातली सर्वांत चिवट चूक आहे. तिने लिहिले होते की, प्रथिन रायबोझोमवर पूर्ण तयार होते आणि मग ईआरमध्ये जाते. प्रत्यक्षात स्रावाच्या प्रथिनांचे तसे होत नाही. प्रथिनाचे पहिले टोक रायबोझोममधून बाहेर डोकावते तेव्हा त्या टोकावरील ओळखखुणेला एसआरपी नावाचा कण येऊन चिकटतो आणि जुळणी मंदावते. हा कण रायबोझोमला ईआरच्या पटलावरील आपल्या ग्राहकापाशी नेतो, तेथे प्रथिनाचे टोक पटलातील मार्गात शिरते, आणि मग जुळणी पुन्हा वेग घेते. म्हणजे प्रथिन तयार होत होतच आत सरकत जाते आणि ओळखखूण आतल्या बाजूला कापली जाते. ओळखखुणेच्या या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चूक सुधारण्यासाठी मी तिला पुन्हा वाचायला सांगितले नाही. मी विचारले, "तुझे म्हणणे खरे असते, तर ईआर खडबडीत दिसली असती का?" ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "नाही मॅडम, मग रायबोझोम तिथे चिकटायचे कारणच राहत नाही." खडबडीत हा शब्द तिने शाळेपासून पाठ केला होता, त्यामागचे कारण तिला त्या क्षणी स्वतःच्या तर्काने सापडले. त्यानंतर ही पायरी ती पुन्हा चुकली नाही.

बरेच काही सोडूनही द्यावे लागले. आय-सेल रोगात यकृताच्या पेशींच्या लायसोसोममध्ये विकरे बऱ्यापैकी पोचलेली आढळतात, म्हणजे मॅनोज-6-फॉस्फेटखेरीज दुसरी वाटही असली पाहिजे, ही गोष्ट मला स्वतःला फार रोचक वाटते. पण सात दिवसांत नुकताच पक्का होत असलेला नियम अपवादाने हलवणे योग्य वाटले नाही. पुटिकांची आवरणे आम्ही तिघांतच आटोपली: ईआरकडून गॉल्गीकडे नेणारे, गॉल्गीकडून मागे आणणारे, आणि लायसोसोमच्या वाटेवरचे क्लॅथ्रिन. पेशीपटलाचा घटक त्याच गुरुवारी दुपारी तीन तासांत झाला आणि त्यात अडचण आली नाही.

शुक्रवार आणि शनिवार: टिचबटणांची मोजणी

पेशीविभाजनाच्या अवस्थांची नावे तिला येत होती. गोंधळ मोजणीत होता. अर्धसूत्री विभाजनाच्या प्रत्येक टप्प्यावर गुणसूत्रे किती आणि डीएनए किती, हा तक्ता भरताना तिने डीएनए दुप्पट झाल्यावर गुणसूत्रेही दुप्पट केली आणि तेथून पुढचे प्रत्येक उत्तर चुकले. ही चूक इतकी सर्रास होते, कारण आपण एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहोत हे वहीतील एक्स आकाराच्या आकृतीवरून कळत नाही.

शुक्रवारी रात्री घरी बटणे लावताना तिला स्वतःलाच युक्ती सुचली आणि शनिवारी ती दोरे व टिचबटणे घेऊन आली. आम्ही चार गुणसूत्रांची पेशी धरली: एक लांब जोडी, एक आखूड जोडी, आईकडून आलेले दोरे लाल आणि वडिलांकडून आलेले निळे. प्रत्येक दोऱ्याला टिचबटणाचा एक अर्धा भाग शिवलेला होता. नियम एवढाच की, डीएनए मोजायचा तर दोरे मोजायचे. गुणसूत्रे मोजायची तर बटणे मोजायची, आणि मिटलेले बटण एक, तसेच सुटा अर्धा भागही एक.

आरंभी टेबलावर चार दोरे आणि चार सुटे भाग होते. डीएनएची प्रत तयार झाल्यावर प्रत्येक दोऱ्याशेजारी त्याच रंगाचा दुसरा दोरा आला आणि दोघांची बटणे टिचली. आता दोरे आठ झाले, बटणे मात्र चारच राहिली. तिची मूळ चूक येथेच होती आणि ती डोळ्यांसमोर मोडली. पहिल्या विभाजनात लांब लाल एका बाजूला आणि लांब निळा दुसऱ्या बाजूला गेला, तसेच आखूड जोडीचेही झाले. बटणे मिटलेलीच राहिली. प्रत्येक पेशीत दोन बटणे आणि चार दोरे आले. तेव्हा तिने विचारले, "मॅडम, सुरुवातीलाही दोरे चारच होते. मग डीएनए कमी झालाच नाही का?"

हा प्रश्न अगदी योग्य जागी आला होता. प्रत तयार झाल्यानंतरच्या आठ दोऱ्यांच्या मानाने डीएनए निम्मा झाला, पण मूळ पेशीच्या मानाने तो तेवढाच आहे. निम्मी झाली ती गुणसूत्रे. म्हणूनच पहिल्या विभाजनाला संख्या घटवणारे विभाजन म्हणतात. दुसऱ्या विभाजनापूर्वी डीएनएची नवी प्रत तयार होत नाही. त्या विभाजनात बटणे उघडली आणि प्रत्येक पेशीत दोन दोरे व दोन सुटे भाग उरले. त्यानंतर तिने साधे सूत्री विभाजन करून दाखवले: मध्यावस्थेत चार मिटलेली बटणे, ती उघडताच काही काळ पेशीत आठ गुणसूत्रे, आणि शेवटी प्रत्येकीत चार.

या नमुन्याला मर्यादा आहेत आणि त्या तिला सांगितल्या. खऱ्या गुणसूत्राच्या दोन प्रती केवळ मधल्या बिंदूपाशी जोडलेल्या नसतात. कोहेसिन नावाचे प्रथिन त्यांना लांबीभर धरून ठेवते. पहिल्या विभाजनात भुजांवरचे कोहेसिन कापले जाते आणि मधल्या बिंदूपाशी असलेले राखले जाते, म्हणून आपले बटण मिटलेले राहते. तुकड्यांची अदलाबदलही दोऱ्यांनी नीट दाखवता येत नाही, ती तिने कागदावरच काढली.

रविवार आणि निकाल

रविवारी जुना पेपर सोडवताना दोन गोष्टी उघड झाल्या. प्रथिनाच्या प्रवासावरील दहा गुणांच्या प्रश्नाला तिने पन्नास मिनिटे घेतली. गुणांच्या हिशोबाने वीस मिनिटे पुरायला हवी होती. यातला काही वेळ उत्साहाने गेला, पण बराचसा शब्द शोधण्यात गेला. आठवडाभर आम्ही मराठीत बोलत होतो. ओळखखूण कापली जाते हे तिला क्षणात आठवे, परंतु सिग्नल पेप्टिडेज हे कापणाऱ्या विकराचे नाव इंग्रजीत लिहिताना तिची लेखणी थांबे. दुपारी आम्ही तीस शब्दांची एक चिठ्ठी केली, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उत्तरपत्रिकेतला शब्द, आणि ती सोमवारी सकाळी लोकलमध्ये तेवढीच वाचत आली.

पेपरात तिला 75 पैकी 49 गुण मिळाले. लायसोसोमच्या विकरांवरील मोठा प्रश्न आणि अर्धसूत्री विभाजनाचा तक्ता असे दोन्ही आले आणि दोन्ही तिने चांगले लिहिले. हे दोन्ही विषय पेपरात येणे हा काही अंशी योगायोगही होता, हे मान्य केले पाहिजे. मायटोकॉण्ड्रियातील एटीपी निर्मितीची टीप मात्र अनिवार्य होती आणि ती जवळजवळ पूर्ण गेली. तिने लिहिले की, इलेक्ट्रॉनांच्या साखळीमुळे प्रोटॉन आतल्या गाभ्यात ढकलले जातात. दिशा उलट झाल्यामुळे पुढचे सगळेच चुकले.

वेगळे काय करता आले असते

मायटोकॉण्ड्रियाला शनिवारी संध्याकाळी दोन तास देण्याचा निर्णय चुकीचा होता. दोष वेळ कमी असण्यात कमी आणि त्या वेळेच्या जागेत अधिक होता. टिचबटणांनी भरलेल्या दिवसाच्या शेवटी ती थकलेली होती, आम्ही तो भाग फक्त वाचला, आणि रविवारी पेपर असल्यामुळे त्याची सकाळची कोऱ्या कागदाची फेरी झालीच नाही. म्हणजे जी पद्धत तिला उपयोगी पडत आहे हे मी चार दिवस पाहत होते, तीच या एका घटकाला मिळाली नाही. हा घटक गुरुवारी, प्रथिनांच्या दुरुस्तीला जोडून घ्यायला हवा होता. मायटोकॉण्ड्रियाची बहुतेक प्रथिने बाहेर पेशीद्रव्यात पूर्ण तयार होऊन मगच आत जातात, आणि ईआरच्या रीतीशी असलेला हा फरक त्या दिवशी तिच्या मनात ताजा होता. पुढे एक साधा बाण पुरला असता: साखळी प्रोटॉनांना आतल्या गाभ्यातून दोन पटलांमधल्या जागेत काढते आणि ते एटीपी सिंथेजमधून परत आत येतात, तेव्हा एटीपी तयार होतो. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडलेल्या कल्पनेचा हा गाभा आहे, आणि बाणाची दिशा तपासणारा एक प्रश्न रोज सकाळी विचारायला दोन मिनिटेही लागली नसती.

इंग्रजी शब्दांची चिठ्ठी बुधवारीच करायला हवी होती. मराठीत समजून घेण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही, कारण खडबडीत ईआरचे कारण तिला मराठीतच सापडले. परंतु प्रत्येक सकाळचा कोरा कागद उत्तरपत्रिकेच्या भाषेत लिहिला असता, तर पन्नास मिनिटांचे ते उत्तर आठवड्याच्या मध्यालाच लक्षात आले असते. पहिल्या सोमवारचे दोन प्रश्नही अंतर्गत चाचणीचा निकाल लागला त्याच दिवशी विचारता आले असते. पेपर तेव्हा पाच आठवडे दूर होता. आता चाचणीत कमी गुण पडलेल्या प्रत्येकाला मी त्याच दिवशी कोरा कागद देते आणि दुसरा प्रश्न मॅनोज-6-फॉस्फेटचाच ठेवते.